०.२२ चं काय करायचं?

मार्च महिना आहे. मुळशीपलीकडच्या एका डोंगरउतारावरच्या देवराईत एक मुलगी झाडाच्या खोडाभोवती टेप गुंडाळून उभी आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, वहीत लिहायचं, पुढच्या झाडाकडे जायचं. हिरडा, जांभूळ, अंजन, पुन्हा जांभूळ. अशा वीस देवरायांत तिने तीन महिने काढले आहेत. आता ती खोलीवर परतली आहे, संगणकासमोर बसली आहे आणि पडद्यावर एक आकडा आहे: ०.२२.

हाच तिचा निष्कर्ष. तीन महिन्यांची पायपीट, शेकडो झाडं, गुरवांच्या परवानग्या, हे सगळं आटून त्या एका आकड्यात बसलं आहे. आणि प्रबंधाच्या पुढच्या प्रकरणाचं नाव आहे ‘चर्चा’. आता या ०.२२ चं करायचं काय?

ही मुलगी आणि तिचे आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत. पण तिची अडचण अगदी खरी आहे, आणि त्या अडचणीतून बाहेर पडण्याची वाट इतकी नवलाची आहे की ती पावलापावलाने चालून बघायला हवी. कारण चर्चा म्हणजे निष्कर्षांची पुनरुक्ती, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तिथे एक आकडा बोलू लागतो. आणि त्याला किती मोठ्याने बोलू द्यायचं, हे ठरतं त्याच्या मर्यादांवरून!

आधी आकडा समजून घेऊ. आपल्या मुलीने प्रत्येक देवराईचं क्षेत्रफळ मोजलं आणि तिथे झाडांच्या किती जाती सापडतात ते मोजलं. सर्वांत लहान देवराई ०.१ हेक्टरची, म्हणजे साधारण दहा गुंठ्यांची. सर्वांत मोठी १० हेक्टरची. लहानीत ११ जाती सापडल्या, एक हेक्टरच्या आसपासच्या देवरायांत १८, सर्वांत मोठीत ३०. जागा दहापट वाढली की जाती दहापट होत नाहीत, दुप्पटही होत नाहीत, सुमारे १.६६ पट होतात. हे नातं एका सुटसुटीत सूत्रात मावतं:

`S = cA^z`

S म्हणजे जातींची संख्या, A म्हणजे क्षेत्रफळ, c म्हणजे एक एकक जागेत सापडणाऱ्या जाती. आणि z म्हणजे जागा वाढत गेली की जाती किती वेगाने वाढतात याचं माप. आपल्या मुलीचा ०.२२ हा तो z.

आता पहिलं नवल. मोठ्या बेटावर जास्त जाती असतात, हे कॅप्टन कुकबरोबर १७७२ ते १७७५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या योहान राइनहोल्ड फोर्स्टर यांनी लिहून ठेवलं होतं. १९२१ मध्ये स्वीडनच्या ओलोफ आर्हेनियस यांनी त्याला गणिताचं रूप दिलं. १९५७ मध्ये फिलिप डार्लिंग्टन यांनी वेस्ट इंडीजमधले बेडूक, सरडे, साप यांच्याकडे पाहून एक ठोकताळा मांडला: बेट दहापट लहान झालं की जाती निम्म्या होतात. कॅरिबियन बेटांवरचे सरडे आणि सह्याद्रीतली जांभळं! दोघांचा एकमेकांशी काय संबंध? तरी दोघं एकाच घराण्याच्या रेषेवर बसतात. देवराईत उभं राहून टेप गुंडाळणाऱ्या मुलीचा आकडा दोन शतकांच्या एका संभाषणात येऊन बसतो. चर्चा प्रकरण म्हणजे त्या संभाषणात तिने उच्चारलेलं वाक्य.

मग ते वाक्य सुरू कसं करायचं?

प्रबंधाचा आकार डमरूसारखा असतो. प्रस्तावना रुंद: जगभरची जंगलं तुकड्यातुकड्यांत का तुटताहेत, बेटांचा सिद्धान्त काय सांगतो, १९७६ मध्ये माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवर काय लिहिलं. मग ती निमुळती होत होत एका प्रश्नावर येते. पद्धती आणि निष्कर्ष ही डमरूची बारीक कंबर. तिथे फक्त वीस देवराया आणि एक आकडा. चर्चेत डमरू पुन्हा रुंद व्हायला लागतो, पण उलट्या दिशेने: आधी आपला आकडा, मग शेजारच्यांचे आकडे, मग सिद्धान्त, मग जग.

म्हणून चर्चेचं पहिलं वाक्य कंबरेतलंच असावं लागतं. बहुतेक पहिल्या मसुद्यांत ते असं असतं: ‘देवराया हा भारतीय संस्कृतीचा अमूल्य ठेवा असून त्यांचे संवर्धन गरजेचे आहे.’ हे प्रस्तावनेचं वाक्य इथे भटकून आलं आहे. तीन महिने टेप न गुंडाळताही ते लिहिता आलं असतं. हीच त्याची खूण. त्याऐवजी हे बघा: ‘पाहिलेल्या २० देवरायांत, प्रत्येकी सारख्याच चौकटी घेऊनही, क्षेत्रफळ दहापट वाढल्यावर झाडांच्या जाती सुमारे १.७ पट आढळल्या.’ हे वाक्य फक्त तीच लिहू शकते.

आता सिद्धान्ताकडे जायचं. आणि इथे पाय घसरतो.

१९६७ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी बेटांच्या जैवभूगोलावर पुस्तक लिहिलं. त्यांची कल्पना एसटी स्टँडसारखी आहे. बेटावर नव्या जाती येत राहतात, जुन्या नाहीशा होत राहतात. स्टँडवर कोणत्याही क्षणी माणसं मोजली तर संख्या साधारण तेवढीच, पण माणसं वेगळी. मोठ्या बेटावर प्रत्येक जातीची प्रजा मोठी असते, त्यामुळे ती चटकन नाहीशी होत नाही. म्हणून तिथे जास्त जाती टिकतात. त्याच पुस्तकात z बद्दलही आहे: खऱ्या बेटांवर तो बहुधा ०.२० ते ०.३५ असतो, आणि सलग भूभागाचे लहानमोठे तुकडे मोजले तर ०.१२ ते ०.१७.

आपल्या मुलीचा आकडा ०.२२. बेटांच्या पट्ट्यात अलगद बसला! मोह किती गोड आहे बघा. एका ओळीत काम संपतं: ‘आमचे निष्कर्ष बेटांच्या सिद्धान्ताला दुजोरा देतात; देवराया म्हणजे शेतांच्या समुद्रातली बेटं.’ वाक्य सुंदर आहे. टाळ्या घेईल. आणि त्यात तीन भोकं आहेत.

पहिलं भोक असं, की एकाच रेषेची तीन वेगवेगळी कारणं असू शकतात.

मिसळीच्या फरसाणाचं पातेलं डोळ्यांसमोर आणा. चिमूटभर उचललंत तर शेव, दोन पोहे, एखादा दाणा. ओंजळभर उचललंत तर डाळं, खोबऱ्याचा काप, कढीपत्ताही हाती येतो. पातेलं तेच, हात मोठा, म्हणून प्रकार जास्त. मोठ्या देवराईत झाडंच जास्त, म्हणून जातीही जास्त, एवढंच असू शकतं. १९७९ मध्ये कॉनर आणि मॅकॉय यांनी नेमकं हेच बजावलं: आधी हे साधं कारण तपासा, मगच मोठमोठ्या सिद्धान्तांकडे जा. दुसरं कारण: मोठ्या देवराईत ओढा असतो, कातळ असतो, उतार असतो, सपाटी असते. जितकी वेगळी घरं, तितके वेगळे भाडेकरू. आणि तिसरं कारण मॅकआर्थर-विल्सनचं: जागा लहान, प्रजा लहान, म्हणून जाती नाहीशा होतात.

तिन्ही कारणांतून वर चढणारी रेषाच निघते. रेषेकडे कितीही वेळ टक लावून बघा, ती सांगणार नाही की तिला कोणी काढलं. मग चर्चेत काय करायचं? तिन्ही कारणं ओळीने मांडून ‘यांपैकी काहीही असू शकतं’ म्हणून सुटायचं?

नाही! इथे एक सुंदर युक्ती आहे. प्रत्येक कारणाला विचारायचं: ‘तू खरं असतंस, तर माझ्याच डेटात आणखी काय दिसलं असतं?’

आपल्या मुलीने प्रत्येक देवराईत, लहान असो वा मोठी, १० मीटर बाय १० मीटरच्या दहाच चौकटी आखल्या होत्या. म्हणजे हात सगळीकडे सारखाच. प्रत्येक देवराईत मोजलेली झाडंही साधारण तेवढीच, साठ-पासष्ट. फरसाणाचं कारण एकटंच खरं असतं, तर सारख्या चिमटीत सारखेच प्रकार यायला हवे होते. पण लहानीत ११ आले आणि मोठीत ३०. म्हणजे फरसाणाने सगळी गोष्ट सांगता येत नाही. एक संशयित जवळजवळ सुटला.

आता उरलेले दोन. तिने एकेक चौकट वेगळी काढून बघितली. एका चौकटीत सरासरी किती जाती? लहान देवराईत साडेचार, मोठ्या देवराईत पाच. जवळपास सारख्याच! मग ११ आणि ३० हा एवढा फरक कुठून आला? लहान देवराईत दहाही चौकटी एकमेकींसारख्या आहेत. जांभूळ, अंजन, पुन्हा जांभूळ. मोठ्या देवराईत ओढ्याकाठच्या चौकटीत एक मंडळी, कातळावरच्या चौकटीत दुसरीच. फरक चौकटींच्या आत नाही, चौकटींच्या मधे आहे. हे तर ‘वेगळी घरं, वेगळे भाडेकरू’ या कारणाकडे बोट दाखवतं. जागा लहान म्हणून जाती मेल्या असत्या, तर त्याची झळ एकेका चौकटीतही बऱ्यापैकी दिसायला हवी होती.

थांबा, काय घडलं ते बघा. नवी मोजणी झाली नाही, एकही दिवस पुन्हा जंगलात गेला नाही. तोच डेटा, पण नुसत्या रेषेऐवजी तिच्या आतल्या गाठी तपासल्या, आणि बेटांच्या सिद्धान्ताला ‘दुजोरा’ देऊ पाहणारा प्रबंध त्याच्या शेजारच्या सिद्धान्ताजवळ जाऊन पोचला. निष्कर्ष सिद्धान्ताशी जोडणं म्हणजे मोठ्या माणसाच्या नावाला आपला आकडा चिकटवणं नव्हे. सिद्धान्ताने कोणता अंदाज केला असता, तो कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, हे दाखवणं.

इथेच जरा प्रामाणिकपणे पुढेही जायला हवं. दहा गुंठ्यांत दहा चौकटी म्हणजे त्या एकमेकींना चिकटूनच असणार. दहा हेक्टरमधे दहा चौकटी शेकडो मीटर लांब पडल्या. लांबच्या चौकटी वेगळ्या असतात त्या घरं वेगळी म्हणून, की बिया तिथवर पोचत नाहीत म्हणून? तिच्या वहीत प्रत्येक चौकटीचा उतार आणि ओढ्यापासूनचं अंतर असेल, तर काही सांगता येईल. नसेल, तर हे दोन धागे वेगळे करता येत नाहीत, असं सरळ लिहायचं.

आणि या ‘सरळ लिहायचं’पाशी आपण मर्यादांवर आलो.

प्रबंधांच्या मागच्या पानांवर एक वाक्य जवळजवळ छापील मिळतं: ‘वेळेअभावी व निधीअभावी अधिक नमुने घेता आले नाहीत.’ हे खोटं नसतं. पण याने वाचकाला काय कळलं? निष्कर्ष थोडा चुकला, की फार चुकला? वर चुकला, की खाली? ‘तराजू जरा बिघडलेला आहे’ असं वाण्याने सांगितलं, तर आपण लगेच विचारतो: जास्त दाखवतो की कमी?

हेच ते मोठं नवल: मर्यादेला दिशा असते!

करून बघू. एक चौकट १०० चौरस मीटरची. दहा चौकटी म्हणजे १,००० चौरस मीटर, म्हणजेच ०.१ हेक्टर. सर्वांत लहान देवराई तेवढीच आहे. तिथलं झाडन् झाड मोजलं गेलं, शंभर टक्के. एक हेक्टरच्या देवराईत मोजला गेला दहावा हिस्सा. दहा हेक्टरच्या देवराईत फक्त शंभरावा! मग कुठे जास्त जाती नजरेतून सुटल्या असतील? उघड आहे, मोठ्या देवराईत. लहानीतले ११ हे खरोखर ११ आहेत. मोठीतले ३० हे किमान ३०. कदाचित ४५, कदाचित त्याहून जास्त. म्हणजे देवराई जितकी मोठी, तितका तिचा आकडा खाली दाबला गेला. रेषेचं वरचं टोक कोणीतरी खाली ओढून धरलं आहे. सगळ्या देवराया पुऱ्या मोजल्या असत्या, तर z ०.२२ पेक्षा जास्त निघाला असता.

आता बघा गंमत. ‘मोठ्या देवराईत जास्त जाती असतात’ या विधानाला ही मर्यादा कमकुवत करते का? उलट! मोठ्या देवरायांवर अन्याय होऊनही त्या पुढे निघाल्या. कुस्तीत एक हात बांधून जिंकलेल्या मल्लासारखं आहे हे. अशी मर्यादा लपवली, तर लपवणाऱ्याचंच नुकसान.

पण तीच मर्यादा दुसऱ्या वाक्याचा जीव घेते, आणि हेच दुसरं भोक. ‘आमचा ०.२२ हा बेटांच्या ०.२० ते ०.३५ या पट्ट्यात बसतो’, आठवतंय ना? तो पट्टा अख्ख्या बेटांवरच्या एकूण जातींचा आहे. आपल्या मुलीचा आकडा अख्ख्या देवराईचा नाहीच. तो प्रत्येक देवराईतल्या दहा चौकटींचा आहे. दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं दूध एकाच भांड्यात ओतून तुलना कशी करणार? तुलनाच रद्द. एकच मर्यादा एका वाक्याला बळ देते आणि दुसऱ्याला खोडून टाकते. म्हणूनच मर्यादा शेवटच्या पानावर एका परिच्छेदात कोंडून ठेवायच्या नसतात. ज्या वाक्याला ती लागू पडते, त्या वाक्याच्या शेजारी ती बसली पाहिजे.

संगणकाने ०.२२ च्या बाजूला एक पट्टाही दिला होता: ०.१४ ते ०.३०, पंचाण्णव टक्के विश्वासाचा. नीट पाहिलं तर तो बेटांच्या पट्ट्यातही शिरतो आणि सलग भूभागाच्या पट्ट्यातही. म्हणजे हे बेट आहे की जंगलाचा तुकडा, ते केवळ या आकड्यावरून ठरतच नव्हतं. शिवाय एक गोष्ट त्या पट्ट्याला ठाऊकच नाही. वीस ठिपके रेषेभोवती किती विखुरलेत, एवढंच तो मोजतो. वरचं टोक कोणी ओढून धरलंय का, हे त्याला दिसत नाही. ते फक्त जंगलात चौकट आखणाऱ्या माणसाला माहीत असतं. त्यामुळे ते लिहिण्याची जबाबदारीही त्याचीच.

दुसऱ्या मर्यादेची दिशा उलटी निघते, आणि ती जास्त बोचते. आपल्या मुलीने नकाशा उघडला आणि रस्ते बघितले. सर्वांत लहान सात देवरायांपैकी पाच रस्त्याच्या दोनशे मीटरच्या आत होत्या. सर्वांत मोठ्या सातांपैकी एकच. रस्त्याकडेच्या देवराईत काय होतं ते आपण सगळे जाणतो. देवळाचं पत्र्याचं छप्पर जाऊन स्लॅब पडतो, सभामंडप वाढतो, जत्रेला गाड्या लावायला जागा होते, सरपण जातं. मग लहान देवराईत जाती कमी आहेत, त्या ती लहान आहे म्हणून, की ती रस्त्याला लागून आहे म्हणून?

ही मर्यादा तिच्या निष्कर्षाला फुगवते. इथे मल्लाचा हात बांधलेला नाही. इथे कोणीतरी त्याला मागून ढकलतंय. म्हणून ती ठळक लिहायची. नुसती लिहायची नाही, जमेल तेवढी तपासायची. रस्त्यापासून लांबच्या नऊच देवराया घेतल्या, तर z निघाला ०.१७. रेषा अजून वरच चढते. पण पट्टा पसरला: उणे ०.०२ ते अधिक ०.३६. शून्यही त्याच्या आत आलं! नऊ देवरायांच्या जोरावर ठाम बोलता येत नाही. हे आकडे वाचकाच्या हाती द्यायचे. ‘रस्त्याचा परिणाम वगळल्यावरही कल टिकतो’ एवढंच लिहून तो पट्टा गाळला, तर वाक्य खरं राहील आणि वाचक फसेल.

तिसरं भोक सर्वांत खोल आहे, आणि ते काळाचं आहे.

मॅकआर्थर-विल्सनचा सिद्धान्त येण्याजाण्याबद्दल आहे. आपल्या मुलीकडे आहे एक छायाचित्र, एका उन्हाळ्याचं. स्टँडचा एकच फोटो पाहून कोण आलं आणि कोण गेलं, हे सांगता येईल का? येण्याजाण्याचा सिद्धान्त तपासायचा तर ते येणंजाणंच बघावं लागतं.

ते कोणी बघितलं? विल्सनच्या हाताखाली हार्वर्डला डॉक्टरेट करणाऱ्या डॅनियल सिम्बर्लोफ यांनी. १९६०च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची सहा चिमुकली खारफुटीची बेटं निवडली, त्यांतल्या कीटक-कोळ्यांची यादी केली, बेटांवर चक्क तंबू चढवले आणि धुरी देऊन आतले सगळे जीव मारले. मग बसले मोजत. वर्षभराच्या आत, सर्वांत लांबचं बेट सोडलं, तर बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळपास पूर्वीइतकी झाली. आणि जाती? बऱ्याचशा वेगळ्या! स्टँड पुन्हा भरलं होतं, प्रवासी बदलले होते. सिद्धान्ताच्या बाजूने यापेक्षा देखणा पुरावा कुठला?

पण मला याहून थक्क करते ती पुढची गोष्ट. १९७६ मध्ये सिम्बर्लोफ आपल्याच डेटाकडे परत गेले आणि त्यांनी विचारलं: हे जे ‘आले आणि गेले’ म्हणून मी मोजले, त्यांतले किती खरोखर तिथे राहायला आले होते? आणि किती नुसते वाऱ्याबरोबर येऊन घटकाभर टेकले होते? बस बदलायला उतरलेल्याला गावकरी धरायचं का? फेरतपासणीत दिसलं की पुष्कळशी उलाढाल अशा पाहुण्यांचीच होती. खरं नाहीसं होणं पहिल्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी. ज्या कामाने नाव झालं, त्याचाच मोठा आकडा त्यांनी स्वतः लहान केला. यामुळे प्रयोग बाद झाला नाही. त्याचं खरं माप कळलं.

आता आपल्या मुलीची क्रियापदं बघा. ‘सिद्ध होते’ गेलं. ‘दुजोरा मिळतो’ही गेलं. क्रियापदांचीही एक उतरंड असते: ‘दाखवते’, ‘सुचवते’, ‘शी सुसंगत आहे’, ‘च्या विरोधात जात नाही’. प्रत्येक पायरीला पुराव्याचं वेगळं वजन लागतं. तिच्या चर्चेचा परिच्छेद शेवटी असा झाला:

‘सारख्याच चौकटी घेऊनही मोठ्या देवरायांत जास्त जाती आढळल्या, त्यामुळे हा फरक केवळ जास्त झाडे मोजल्यामुळे आला, असे म्हणता येत नाही. एका चौकटीतील जाती जवळपास समान, पण चौकटी परस्परांपासून भिन्न, ही मांडणी अधिवासांच्या विविधतेचे कारण सुचवते. मात्र चौकटींमधील अंतराचा परिणाम वेगळा काढता आलेला नाही. मोठ्या देवरायांचा फार थोडा भाग मोजला गेल्याने z चे मूल्य प्रत्यक्षापेक्षा कमी आले असावे, आणि म्हणून बेटांवरील मूल्यांशी त्याची तुलना केलेली नाही. याउलट, लहान देवराया रस्त्यांजवळ असल्याने क्षेत्रफळाचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसत असण्याची शक्यता आहे; रस्त्यांपासून दूरच्या नऊ देवरायांत z ०.१७ आला, पण त्याचा पट्टा उणे ०.०२ ते अधिक ०.३६ असा पसरला. एका हंगामातील नोंदींवरून जाती नाहीशा होण्याबाबत विधान करता येत नाही.’

सहा वाक्यं. प्रत्येक वाक्यात एक दावा किंवा त्याचं कुंपण. ‘वेळेअभावी’ हा शब्द कुठेही नाही. आणि बाहेरून आलेले परीक्षक तोंडी परीक्षेत जे प्रश्न विचारणार, त्यांतले बहुतेक तिने आधीच स्वतःला विचारून टाकले आहेत.

तरी एक गोष्ट उरली. वही चाळताना तिला सर्वांत लहान देवराईतल्या एका नोंदीपाशी थांबावं लागलं. एक हिरडा. घेर २६० सेंटीमीटर. त्या जातीचं तिथलं एकमेव झाड. आणि समासात तिनेच पेन्सिलीने लिहिलेलं: ‘खाली एकही रोप नाही.’

झाडं शतकभर उभी राहू शकतात. आजूबाजूचं जंगल तुटलं, देवराई एकटी पडली, तरी जुनी झाडं लगेच मरत नाहीत. त्यांची पुढची पिढी मात्र येत नाही. परिस्थितिशास्त्रज्ञ याला नामशेष होण्याचं कर्ज म्हणतात: जात अजून दिसते, पण तिचं नाहीसं होणं ठरून गेलेलं असतं. लहान देवरायांत अशी कर्जबाजारी झाडं असतील, तर आजचे ११ हे उद्याचे ११ नाहीत, आणि काही दशकांनी कोणी याच चौकटी मोजल्या तर रेषा आजच्यापेक्षा जास्त खडी निघेल. पण हे कळणार कसं? तिने चर्चेच्या शेवटी ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य खोडलं आणि तिथे लिहिलं: प्रत्येक चौकटीत त्याच जातींची रोपं मोजावीत, लहान देवरायांत रोपं नसलेल्या जाती मोठ्यांपेक्षा जास्त निघाल्या, तर कर्जाची शंका बळावेल, सगळीकडे सारख्याच निघाल्या, तर ती सोडून द्यावी.

निष्कर्षांच्या तक्त्यात तो हिरडा इतर कोणत्याही जातीइतकाच आहे: संख्या १, जात १, अकरातली एक. तक्ता खोटं बोलत नाही. पण त्याच्याखाली रोप नाही, हे सांगायला तक्त्यात रकानाच नव्हता.